हिशेबातून निसटलेले भांडे

पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा समजा. तांब्याचा २०० ग्रॅमचा तुकडा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात बराच वेळ लोंबकळत ठेवला आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून तिथे पाणी शंभरला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळते. तुकडाही तेवढाच तापला. शेजारी कॅलरीमापीत १५० ग्रॅम पाणी आहे, २५ अंश सेल्सिअसचे. तुकडा चटकन उचलून त्या पाण्यात सोडला, ढवळले, आणि तापमापीतला पारा चढत चढत ३२.५ अंशांवर थांबला. आता तांब्याची विशिष्ट उष्माधारकता काढायची, म्हणजे एक ग्रॅम तांबे एका अंशाने तापवायला किती ज्यूल लागतात ते शोधायचे.

दहावीला शिकलेले तत्त्व इथे पुरते: गरम वस्तूने जेवढी उष्णता दिली, तेवढीच थंड वस्तूने घेतली. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.१८ ज्यूल घेते. १५० ग्रॅम पाणी ७.५ अंशांनी तापले, म्हणजे त्याने सुमारे ४७०३ ज्यूल घेतले. तुकडा ९८ वरून ३२.५ वर आला, म्हणजे ६५.५ अंशांनी निवला. ४७०३ ला २०० आणि ६५.५ ने भागले की उत्तर येते ०.३५९.

विद्यार्थी शहाणा असेल तर तो ताळा करतो. ०.३५९ गुणिले २०० गुणिले ६५.५ करून बघतो, पुन्हा ४७०३ च येतात. दिलेली उष्णता ४७०३, घेतलेली उष्णता ४७०३. दोन्ही बाजू जुळल्या, म्हणून तो वही मिटतो. पुस्तकात मात्र तांब्याचा आकडा ०.३८५ आहे. जवळपास सात टक्क्यांची तूट पडली, आणि ताळ्याने तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

या ताळ्यावर माझा राग आहे, कारण तो ताळाच नाही. ०.३५९ हा आकडा त्याच समीकरणातून काढला, तोच पुन्हा त्याच समीकरणात घातला. मग दोन्ही बाजू जुळणार नाहीत तर काय होणार? असा ताळा गुणाकार-भागाकाराची चूक पकडतो, दशांशचिन्ह सरकले तर ओरडतो. समीकरण लिहितानाच एखादी वस्तू बाहेर राहिली असेल, तर ती त्याला कधीच दिसत नाही. जे लिहिलेच नाही ते जुळते की नाही, हे बघणार तरी कसे?

तेव्हा आकड्यांना हात लावण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: या प्रयोगात कोणाकोणाचे तापमान बदलले? तुकड्याचे बदलले, पाण्याचे बदलले. आणि ज्या कॅलरीमापीत ते पाणी होते तिचे? ती पाण्याबरोबर २५ अंशांवर होती आणि पाण्याबरोबरच ३२.५ अंशांवर गेली. तिच्यातली ढवळणीही गेली. पंगतीत वाढणाऱ्यांनाही शेवटी जेवायचे असते, पण पानांचा हिशेब करताना नेमके तेच विसरले जातात. कॅलरीमापीचे असेच होते. आपल्या प्रयोगातले भांडे तांब्याचे आहे, ढवळणीसकट १२० ग्रॅम. १२० गुणिले ०.३८५ म्हणजे दर अंशाला ४६.२ ज्यूल, आणि साडेसात अंशांना सुमारे ३४७ ज्यूल. एवढी उष्णता तुकड्याने दिली, पण ती पाण्यात गेली नाही. ती जमेस धरली की घेतलेली उष्णता ५०४९ ज्यूल होते आणि उत्तर येते ०.३८५.

(कोणी म्हणेल, तांब्याचा आकडा शोधायला तांब्याचाच पुस्तकी आकडा वापरला, ही लबाडी झाली. बरोबर आहे. पण तुकडा आणि भांडे दोन्हीकडे तोच अज्ञात आकडा धरून समीकरण सोडवले तरी ०.३८५ च येते. शंका असेल त्याने करून पाहावे.)

भांड्याचा वाटा किती हे डोळ्यांसमोर आणायचा जुना मार्ग आहे: भांडे म्हणजे किती ग्रॅम पाणी, ते काढायचे. ४६.२ ला ४.१८ ने भागले की ११ येतात. म्हणजे हे १२० ग्रॅमचे भांडे उष्णतेच्या हिशेबात ११ ग्रॅम जास्तीच्या पाण्यासारखे वागते. १५० च्या जागी १६१ ग्रॅम पाणी समजले की झाले. भांडे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचे असते, तर त्याच वजनाचे भांडे सुमारे २६ ग्रॅम पाण्याएवढे भरले असते, कारण ॲल्युमिनियम ग्रॅममागे ०.९ ज्यूल घेते. वजनाने भांडे पाण्याच्या बरोबरीला आले तरी उष्णतेत ते बरेच मागे असते, ते पाण्याचा आकडा फार मोठा असल्यामुळे. म्हणून भांडे विसरले तर उत्तर हास्यास्पद होत नाही, थोडेसेच बिघडते. हास्यास्पद झाले असते तर कोणीही पकडले असते.

आता चिन्हांकडे वळू. इथे घोळ होतो तो लिहिण्याच्या दोन पद्धतींची खिचडी केल्यामुळे. एका पद्धतीत आपण ‘दिलेली’ आणि ‘घेतलेली’ असे दोन गट करतो आणि तापमानातला फरक नेहमी मोठ्यातून लहान वजा करून काढतो. सगळे आकडे धन राहतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक वस्तूसाठी शेवटच्या तापमानातून सुरुवातीचे तापमान वजा करायचे, मग ते ऋण येवो की धन, आणि सगळ्यांच्या उष्णतेची बेरीज शून्य लिहायची. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. गडबड होते ती ‘शेवटचे वजा सुरुवातीचे’ असा फरक काढून मधे बरोबरचे चिन्ह घातले की. म्हणजे एका पद्धतीचे धड आणि दुसरीचे डोके.

त्याचा परिणाम काय होतो, हे प्रश्न कोणत्या दिशेने विचारला आहे त्यावर ठरते. आपलेच आकडे उलटे करू. तांब्याचा ०.३८५ माहीत आहे, शेवटचे तापमान किती ते काढायचे आहे. तुकडा दर अंशाला ७७ ज्यूल, पाणी आणि भांडे मिळून दर अंशाला ६७३.२ ज्यूल. खिचडी पद्धतीने समीकरण असे पडते:

७७ × (त − ९८) = ६७३.२ × (त − २५)

हे सोडवले की त येतो १५.६ अंश. २५ अंशांच्या पाण्यात ९८ अंशांचा तुकडा टाकला आणि सगळे मिळून १५.६ अंशांवर निवले! इथे काही तपासायची गरजच नाही. मिश्रणाचे तापमान सर्वात थंड वस्तूच्या खाली जाऊ शकत नाही आणि सर्वात गरम वस्तूच्या वर जाऊ शकत नाही. डाव्या बाजूला एक ऋण चिन्ह दिले की त ३२.५ येतो. तो २५ च्या पुष्कळ जवळ आहे, आणि तसाच असायला हवा, कारण पाण्याची बाजू तुकड्याच्या जवळपास नऊपट जड आहे.

पण प्रश्न विशिष्ट उष्माधारकतेचा असेल, तेव्हा तीच चूक वेगळ्या वेशात येते. उत्तर ऋण ०.३८५ येते. ऋण असू शकत नाही हे विद्यार्थ्याला माहीत असते, म्हणून तो ते चिन्ह खोडतो आणि पुढे जातो. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात. हे खोडणेच मला धोक्याचे वाटते. दोनच वस्तू असताना चिन्ह चुकले तर उत्तराचे फक्त चिन्ह फिरते, म्हणून खोडून भागते. तिसरी वस्तू आली की भागत नाही, आणि आपल्या प्रयोगात तिसरी वस्तू म्हणजे नेमके ते भांडे.

भांडे आठवले, पण कोणत्या बाजूला लिहायचे यात गोंधळ झाला असे समजा. धातूचे ते धातूबरोबर, असे मनाशी म्हणत विद्यार्थ्याने ते तुकड्याच्या बाजूला, म्हणजे ‘दिलेली उष्णता’मध्ये टाकले. आता समीकरण म्हणते की तुकड्याची उष्णता अधिक ३४७ ज्यूल मिळून पाण्याचे ४७०३ झाले. तुकड्याच्या वाट्याला ४३५६ उरले आणि उत्तर आले ०.३३. ते ऋण नाही, अशक्य नाही, दिसायला सभ्य आहे. भांडे पूर्ण विसरले असते तर सात टक्क्यांनी चुकले असते; आठवून चुकीच्या बाजूला लिहिले तर चूक जवळपास चौदा टक्के झाली. या उत्तरात खोडायला कुठेही ऋण चिन्ह नाही. ताळाही पुन्हा बिनचूक जुळतो.

यावर माझ्या पाहण्यातला भरवशाचा उपाय म्हणजे वहीत प्रत्येक वस्तूला एक ओळ देणे. तुकडा: सुरुवात ९८, शेवट ३२.५, फरक ऋण ६५.५. पाणी: सुरुवात २५, शेवट ३२.५, फरक धन ७.५. भांडे: सुरुवात २५, शेवट ३२.५, फरक धन ७.५. फरकाचे चिन्ह समोर दिसले की बाजू निवडायचा प्रश्नच येत नाही. भांड्याच्या ओळीत आणखी एक सोय आहे: ते ज्या द्रवाला धरून बसले आहे, त्याच्याशी त्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान जुळलेच पाहिजे. भांड्याचा आणि आतल्या पाण्याचा फरक वेगळा आला, तर लिहिताना काहीतरी चुकले. मग तिन्ही ओळींची उष्णता मिळवायची आणि बेरीज शून्य मांडायची.

‘आतले पाणी’ म्हणजे सुरुवातीला आत असलेले पाणी. ही बारीक गोष्ट एका सोप्या प्रयोगात छान उघड होते. त्याच भांड्यात १०० ग्रॅम पाणी २५ अंशांचे घ्या आणि त्यात बाहेरून १०० ग्रॅम पाणी ६० अंशांचे ओता. भांडे विसरले तर उत्तर सरळ मधले, ४२.५. प्रत्यक्षात तापमापी ४१.६ च्या आसपास थांबते, कारण भांडेही थंड बाजूला होते. आता उलटे करा: भांड्यात गरम पाणी आधी ठेवा, भांडेही ६० अंशांचे होऊ द्या, आणि त्यात थंड पाणी ओता. या वेळी पारा ४३.४ वर उभा राहतो. पाणी तेच, वजने तीच, पण उत्तरे मधल्या आकड्याच्या दोन बाजूंना. भांडे नेहमी आपल्या मूळच्या पाण्याच्या बाजूने ओढते. याचा उपयोग ताळ्यासाठी असा: भांडे हिशेबात घेतल्यावर उत्तर कोणत्या दिशेने सरकायला हवे, हे आकडे न मांडता आधी ठरवायचे आणि मग तसे सरकले का ते पाहायचे. गरम तुकडा, थंड पाणी असेल तर भांडे धरल्यावर धातूचा आकडा वाढलाच पाहिजे. तो कमी झाला, तर भांडे चुकीच्या बाजूला लिहिले गेले आहे.

याच प्रयोगातून भांड्याचा आकडा स्वतंत्रपणेही काढता येतो, म्हणजे ते कशाचे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. गरम पाण्याने १८.४ अंश गमावले, थंड पाण्याने १६.६ कमावले, दोन्हीकडे पाणी सारखेच असूनही गरम पाण्याने जे जास्तीचे दिले ते भांड्यात गेले. हिशेब केला की दर अंशाला सुमारे ४५ ज्यूल येतात, वजनावरून काढलेल्या ४६.२ च्या जवळ. इथे एक सावधगिरी हवी. तापमापी ४१.६ ऐवजी ४१.५ वाचली गेली तर हाच आकडा एकदम ५१ च्या जवळ जातो. एका अंशाच्या दहाव्या भागाने भांड्याचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त हलतो, कारण आपण दोन जवळजवळ सारख्या आकड्यांतला बारीक फरक मोजतो आहोत. त्यामुळे भांड्याचा धातू आणि वजन माहीत असेल, तर मी वजनावरच विसंबेन आणि हा प्रयोग शंका फेडायला ठेवेन.

आता सर्वात फसवे प्रकरण. तुकडा उकळत्या पाण्यातून काढताना त्याला थोडे पाणी चिकटून आले. दोऱ्यात आणि कडांना मिळून एक ग्रॅम धरू. ते ९८ अंशांचे आहे आणि पाणी असल्यामुळे त्याच्यात उष्णता भरपूर. एवढेसे पाणी जवळपास पावणेतीनशे ज्यूल सोबत आणते. पारा ३२.५ च्या ऐवजी ३२.९ वर जातो. आता भांडे विसरून हिशेब करा: ६२७ गुणिले ७.९, भागिले २०० गुणिले ६५.१. उत्तर ०.३८. पुस्तकातल्या आकड्याशी जवळजवळ जुळले! भांडे विसरल्याने उत्तर खाली गेले होते, चिकटलेल्या पाण्याने ते वर आणले. दोन चुकांनी मिळून एक बरोबर उत्तर तयार केले. याच विद्यार्थ्याने भांडे नीट हिशेबात घेतले, तर त्याला ०.४१ येईल, आणि तो म्हणेल की भांडे घेतल्यानेच उत्तर बिघडले. प्रयोगवहीत भांड्याची ओळ खोडलेली दिसते, तिच्यामागे अनेकदा हेच असते. खरे तर ०.४१ हा आकडा जास्त प्रामाणिक आहे. तो सांगतो की आता दुसरी चूक शोधा, तुकडा झटका, टिपकागदाने पटकन टिपा. पण टिपायला फार वेळ घालवला तर तुकडा हवेत निवतो आणि उत्तर पुन्हा खाली घसरते.

खाली घसरवणारी कारणे अशी आणखीही आहेत. तुकडा ९८ च्या ऐवजी १०० अंशांचा धरला तर उत्तर ०.३७४ येते, मुंबईत लिहिलेला आकडा पुण्यात उतरवून घेतला की हे होते. मिश्रण झाल्यावर भांडे खोलीला उष्णता देत राहते, तेही खालीच ओढते. म्हणून उत्तर कमी आले एवढ्यावरून भांडे विसरले असे म्हणता येत नाही. फरक कळतो तो किती कमी आले यावरून. भांड्याचा वाटा आधीच माहीत आहे: १६१ मधले ११, म्हणजे सात टक्के. तूट बरोबर तेवढीच असेल तर संशय भांड्यावर. तीन टक्के असेल तर उत्कलनबिंदू पाहावा. आणि दर वेळी वेगवेगळी असेल तर हात आणि वेळ यांचा दोष.

भांडे विसरायला माफी कधी असते, हेही सांगायला हवे, कारण ही सवय लागते तीच माफीमुळे. रसायनशास्त्राच्या वर्गात थर्मोकोलचा पेला वापरतात. त्याचे वजन अवघे काही ग्रॅम, त्यातही उष्णता आतपर्यंत पोहोचत नाही; १५० ग्रॅम पाण्यापुढे त्याचा वाटा नगण्य. म्हणून गणितात ‘भांड्याने घेतलेली उष्णता दुर्लक्षित करा’ असे लिहिलेले असते, आणि ते योग्यच असते. तापमापीलाही अशी सूट मिळते. काच आणि पारा वेगवेगळे पदार्थ असले तरी घनसेंटिमीटरमागे दोघेही सुमारे २ ज्यूल घेतात, म्हणून तापमापीचा बुडालेला भाग किती, एवढेच पाहिले की पुरते. एक घनसेंटिमीटर बुडाला तर दर अंशाला २ ज्यूल, ६७३ मधले. सोडून दिले तरी चालते. ही सूट मोजून दिलेली असते. थर्मोकोलचा पेला बाजूला ठेवून कोणी तांब्याची जाड कॅलरीमापी हातात घेतली आणि तेच वाक्य मनात राहिले, की सात टक्के गेले.

बर्फाच्या गणितात भांडे बाजू बदलते. कोमट पाण्यात बर्फ टाकला तर पाणी आणि भांडे दोघेही देणाऱ्यांत येतात. तरीही विसरले की बर्फाचा अप्रकट उष्मा कमीच येतो, कारण देणाऱ्यांपैकी एकाला वगळले. इथे बर्फालाच दोन ओळी लागतात: एक वितळण्याची, जिच्यात तापमान बदलत नाही, आणि दुसरी वितळलेल्या पाण्याच्या शून्यापासून तापण्याची. विद्यार्थी या दुसऱ्या ओळीतच इतके गुंतलेले असतात की भांडे आठवत नाही.

भांड्याला हिशेबातून कायमचे घालवायचा एक डौलदार उपाय पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात करून पाहिला. त्यांनी गरम वस्तू बर्फाने वेढलेल्या पोकळीत ठेवली आणि ती शून्य अंशांपर्यंत निवेपर्यंत किती बर्फ वितळला, ते वितळून खाली आलेल्या पाण्याचे वजन करून मोजले. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून सभोवती बर्फाचा आणखी एक थर होता. उपकरण सुरुवातीला शून्यावर, शेवटीही शून्यावर. त्याच्या तापमानातला फरक शून्य, म्हणून त्याचा वाटाही शून्य. याच उपकरणात गिनीपिग ठेवून त्यांनी प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णताही मोजली. घन वस्तूंना हे छान जमले. द्रव पदार्थांची पाळी आली तेव्हा मात्र द्रव कशात तरी ठेवावाच लागणार होता. ते पात्र द्रवाबरोबर गरम होऊन आत जाणार आणि बर्फ वितळवणार. तेव्हा त्यांनी आधी पात्राच्या काचेचा आकडा वेगळा मोजला, आणि एकूण वितळलेल्या बर्फातून काचेच्या वाट्याचा बर्फ वजा केला.